जात व उत्पन्नाचा दाखला फॉर्मला जोडण्याआधी कसा तपासावा? : डहाणू-तलासरीतील विद्यार्थी व कार्यकर्त्यांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये दाखल्यांची शिबिरे सुरू होतात. दाखला काढून देण्यासाठी कार्यकर्ते खूप धावपळ करतात. पण दाखला हातात पडला की तो प्लास्टिकच्या पिशवीत जातो आणि थेट फॉर्म भरायच्या दिवशीच बाहेर येतो. मधल्या काळात तो कोणी वाचत नाही. मग स्कॉलरशिपचा फॉर्म कॉलेजच्या लॉगिनवरून परत येतो, किंवा नोकरीच्या कागदपत्र तपासणीत टेबलावरचा माणूस एका अक्षरावर बोट ठेवतो, आणि तेव्हा हातात दोनच दिवस असतात.

हा लेख दाखला काढण्याच्या प्रक्रियेवर नाही. मिळालेला दाखला वापरण्याआधी कसा वाचायचा, एवढ्यापुरता तो आहे. उदाहरणे डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली आहेत. बौद्ध कुटुंबांना ज्या अडचणी जास्त येतात त्यांना थोडी अधिक जागा दिली आहे. आदिवासी मित्रांचे फॉर्म भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनाही यातले बरेच जसेच्या तसे उपयोगी पडेल.

आधी पाहा : दाखला कोणी दिला आहे

नावातली चूक दुरुस्त करता येते. पण दाखला चुकीच्या अधिकाऱ्याचा असेल तर बाकी सगळे बरोबर असूनही तो निरुपयोगी ठरतो. म्हणून वाचन खालून सुरू करावे, म्हणजे सही आणि पदनामापासून.

महाराष्ट्रात जातीचे दाखले देणे आणि त्यांची पडताळणी करणे यासाठी २००० सालचा कायदा आहे. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. सक्षम प्राधिकाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी दिलेला जातीचा दाखला अवैध समजला जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सक्षम प्राधिकारी म्हणजे आपल्याकडे उपविभागीय अधिकारी, ज्यांना गावात आजही ‘प्रांतसाहेब’ म्हणतात. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांचा महसुली उपविभाग डहाणू हाच आहे. त्यामुळे तलासरीच्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर ‘उपविभागीय अधिकारी, डहाणू’ असे लिहिलेले असेल तर ते बरोबर आहे. ‘आम्ही तलासरीचे, मग डहाणू कसे लिहिले?’ असे विचारून बरेच पालक परत फिरतात. त्याची गरज नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचे वेगळे आहे. तो तहसील कार्यालयातून, तहसीलदाराच्या किंवा नायब तहसीलदाराच्या सहीने मिळतो, आणि तो राहत्या तालुक्याचा असतो. म्हणजे तलासरीत राहणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तलासरी तहसील कार्यालय हवे. एकाच मुलीच्या दोन दाखल्यांवर डहाणू आणि तलासरी अशी दोन नावे दिसली तर गोंधळून जाऊ नका.

इथे एक चूक वारंवार होते. तलाठ्याकडून मिळालेला उत्पन्नाचा कागद, किंवा ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवरचा सरपंचांचा दाखला, हाच उत्पन्नाचा दाखला समजून अपलोड केला जातो. तलाठ्याचा अहवाल हा तहसीलदारांच्या दाखल्याचा आधार असतो. तो स्वतः दाखला नसतो. सरपंचांचा कागद रहिवासासाठी कुठेकुठे चालतो, उत्पन्नासाठी स्कॉलरशिपला चालत नाही.

आता जिल्ह्याच्या नावाचा प्रश्न. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या सगळ्या दाखल्यांवर ‘जिल्हा ठाणे’ असणारच. केवळ त्या कारणाने जुना जातीचा दाखला रद्द होत नाही आणि फक्त जिल्ह्याचे नाव बदलावे म्हणून नवा काढायची गरज नसते. फक्त ऑनलाइन फॉर्ममध्ये एक काळजी घ्यायची. तिथे दाखला देणारा जिल्हा वेगळा विचारतात आणि रहिवासाचा जिल्हा वेगळा. पहिल्या रकान्यात दाखल्यावर छापलेले ठाणे निवडायचे, दुसऱ्यात पालघर. ‘आता आपण पालघरमध्ये’ म्हणून दोन्हीकडे पालघर निवडले की कागद आणि फॉर्म जुळत नाहीत.

तलासरीकडच्या घरांमध्ये याहून जुना एक प्रश्न येतो. आजच्या तलासरी तालुक्यातली अनेक गावे १९६० च्या राज्यविभाजनापूर्वी उंबरगाव तालुक्यात होती. तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. विभाजनात त्याचा मोठा भाग गुजरातला गेला. म्हणून आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे’ दिसते, आणि मजकूर कधीकधी गुजरातीत असतो. आजोबांचे गाव आज महाराष्ट्रात असेल तर हा परप्रांताचा पुरावा नाही. मात्र तो सादर करताना गाव तेच असल्याचे दाखवणारा कागद, उदाहरणार्थ त्या गावचा जुना सातबारा किंवा फेरफार, सोबत ठेवावा. मजकूर गुजरातीत असेल तर मराठी भाषांतरही जोडावे.

दाखला कशासाठी आहे : राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना

बौद्ध उमेदवारांचे सर्वात जास्त नुकसान या एका ठिकाणी होते, म्हणून हे सावकाश पाहू.

महाराष्ट्रात बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जो दाखला मिळतो, त्याचा स्वतंत्र नमुना आहे. त्यात ‘अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मांतरित’ अशा अर्थाचा मजकूर असतो. राज्य सरकारच्या स्कॉलरशिपसाठी, वसतिगृहासाठी, स्वाधार योजनेसाठी आणि राज्याच्या नोकरीसाठी तो पुरेसा आहे.

केंद्राकडे गणित वेगळे आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात प्रत्येक राज्याची जातींची यादी आहे. १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि त्या यादीतल्या जातींमधून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा दिला. पण यादीत ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ अशी जात नाही. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार आणि तिच्यासोबतच्या जाती आहेत. म्हणून केंद्राच्या नमुन्यात मूळ जातीचे नाव लिहावेच लागते. रेल्वे, बँका, टपाल खाते, कर्मचारी निवड आयोग, केंद्रीय विद्यापीठे आणि अखिल भारतीय कोट्यातले प्रवेश यांसाठी हाच नमुना मागतात. राज्याचा नमुना तिथे दाखवला तर त्यात मूळ जात नसल्यामुळे उमेदवार तपासणीत अडकतो.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. दाखल्याच्या मजकुरात दोन गोष्टी शोधा : मूळ जातीचे नाव आहे का, आणि १९५० च्या आदेशाचा तसेच १९९० च्या दुरुस्तीचा उल्लेख आहे का. दोन्ही असतील तर तो केंद्राच्या कामाचा. फक्त धर्मांतरितांचा उल्लेख असेल तर तो राज्याच्या कामाचा. दोन्ही नमुने एकाच व्यक्तीकडे असण्यात काही गैर नाही. उलट बारावीनंतर दोन्ही असावेत.

‘आम्ही बौद्ध आहोत, मग पुन्हा ती जात कशाला लिहायची?’ हा प्रश्न तरुण विचारतात आणि तो रास्त आहे. पण दाखल्यातला हा रकाना तुमचा धम्म सांगत नाही. १९५० च्या यादीतल्या कोणत्या नोंदीखाली तुमचे कुटुंब येते, एवढेच तो सांगतो. तो रिकामा राहिला तर केंद्राच्या फॉर्ममध्ये तुमची गणना खुल्या प्रवर्गात होते.

आदिवासी मित्रांच्या दाखल्यातही जमातीचे नाव यादीत आहे तसेच हवे. आपल्या भागात कोळी मल्हार आणि कोळी महादेव या यादीतल्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दाखल्यावर नुसते ‘कोळी’ असेल तर ते कोणत्या नोंदीत बसते तेच ठरत नाही. वारली हे नाव इंग्रजीत Warli आणि Varli असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. फॉर्मच्या यादीत जे स्पेलिंग आहे ते निवडावे. दाखल्यावर मात्र आपल्या हाताने काही बदलू नये.

नाव अक्षर-अक्षर लावून कसे वाचावे

‘स्पेलिंग बघून घे’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण आपले नाव आपण वाचत नाही, ओळखतो. डोळा चुकीवरून सरकून जातो. म्हणून दोघांनी बसावे. एकाने दहावीचे गुणपत्रक हातात घेऊन नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने दाखल्यावर बोट ठेवून ते जुळवावे. आधी मराठी, मग इंग्रजी. इंग्रजीत वाचताना J, A, D, H असे सुटे वाचायचे.

दहावीचे गुणपत्रकच का? कारण पुढच्या शिक्षणात आणि नोकरीत नाव व जन्मतारखेसाठी तेच आधी पाहतात, आणि ते बदलणे सर्वात अवघड असते. म्हणून त्याला खुंटा मानायचे आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक हे सगळे त्याच्या बाजूला आणायचे.

कुठे कुठे चुका सापडतात, ते ठरलेले असते. आडनावाच्या शेवटी v आणि o यांची अदलाबदल होते, जसे Jadhav आणि Jadhao. वाघमारेमध्ये W आणि V. वडिलांच्या नावात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. गुजरात लागून असल्यामुळे आणि काही शाळा गुजराती माध्यमाच्या असल्यामुळे नावापुढे ‘भाई’ लागते, आईच्या नावापुढे ‘बेन’ लागते. एका कागदावर रमेश, दुसऱ्यावर रमेशभाई. घरच्यांना यात काही वेगळे वाटत नाही, पण संगणकाला ही दोन माणसे दिसतात.

नावानंतर गाव, तालुका, जन्मतारीख आणि नाते पाहावे. मुलीच्या दाखल्यात ‘मुलगा’ हा शब्द राहून जातो. नमुन्यात ‘कुमार/कुमारी’ यातले चुकीचे राहते. हे किरकोळ वाटते, पण पडताळणीच्या वेळी ‘हा दाखला नक्की हिचाच का’ ही शंका यातूनच निघते.

विवाहित महिलांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जात जन्माने, म्हणजे वडिलांकडून ठरते. लग्नाने ती बदलत नाही. म्हणून जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि माहेरच्या पुराव्यांवर असतो. तो सासरच्या नावाने असेल तर कशाच्या आधारे काढला, हे आधी विचारावे. नावातला फरक दाखवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत लावायची असते.

मुदत : कोणत्या दाखल्याला आहे, कोणत्याला नाही

जातीच्या दाखल्याला मुदत नसते. लहानपणी काढलेला दाखला आयुष्यभर चालतो. ‘तीन वर्षे झाली, नवा काढा’ असे कोणी सांगत असेल तर तो जात आणि नॉन-क्रीमी लेयर यांची गल्लत करतो आहे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राला मुदत असते, पण अनुसूचित जाती व जमातींना ते लागतच नाही.

मात्र मुदत नसणे आणि अंतिम असणे यात फरक आहे. त्याच २००० च्या कायद्यानुसार जातीचा दाखला पडताळणीच्या अधीन राहून ग्राह्य असतो. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या आरक्षित जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते अनुसूचित जाती आणि बौद्धांसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. वैधता प्रमाणपत्रावर नाव जातीच्या दाखल्यावरूनच जाते. म्हणजे दाखल्यातली चूक तशीच पुढच्या कागदात उतरते आणि मग एकाऐवजी दोन कार्यालयांत दुरुस्तीसाठी फिरावे लागते. दाखला वाचण्याची खरी वेळ म्हणूनच अकरावी, वैधतेचा अर्ज करण्याआधीची.

उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते आणि ती दाखल्यावरच छापलेली असते. हा दाखला एक वर्षाचा किंवा तीन वर्षांचा निघतो. मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते. दाखला काढल्याच्या दिवसापासून बारा महिने, असा हिशोब नसतो. उदाहरणार्थ, एक वर्षाचा दाखला कोणी १० मार्च २०२५ रोजी काढला आणि त्यावर ३१ मार्च २०२५ पर्यंत असे लिहिले असेल, तर तो फक्त तीन आठवडे उपयोगाचा. जूनमध्ये फॉर्म भरायचा असेल तर एप्रिल उजाडल्यावरच अर्ज करावा, म्हणजे नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न त्यात येते.

तीन वर्षांच्या दाखल्यात तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न वेगवेगळे दिलेले असते. फॉर्ममध्ये कोणत्या वर्षाचे विचारले आहे ते पाहून तेवढाच आकडा टाकायचा. तिन्ही वर्षांची बेरीज करून टाकणारे विद्यार्थी दरवर्षी सापडतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. वर्षाला नव्वद हजार असलेल्या घराने बेरीज टाकली की आकडा २ लाख ७० हजार होतो आणि पात्र मुलगी अपात्र ठरते. आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली रक्कम एकच आहे का, हेही तिथेच पाहून घ्यावे.

दाखला खरा आहे का, हे कसे कळते

आता दाखले ‘आपले सरकार’ पोर्टलवरून डिजिटल सहीने येतात. पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह आणि Signature Not Verified असे दिसते. ते पाहून पालक घाबरतात. बहुतेक वेळा याचा अर्थ इतकाच असतो की त्या संगणकाला ती सही देणारी संस्था ओळखीची नाही. एवढ्यावरून दाखला खोटा ठरत नाही.

खरी तपासणी पोर्टलवर होते. `aaplesarkar.mahaonline.gov.in` या साइटवर दाखल्याची सत्यता पाहण्याची सोय आहे. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टाकून तो तपासावा. समोर दिसणारे नाव आणि हातातल्या कागदावरचे नाव एकच हवे. क्रमांक सापडत नसेल, किंवा सापडून दुसऱ्याचेच नाव येत असेल, तर तो दाखला कोणत्याही फॉर्मला जोडू नये. एजंटाकडून ‘दोन दिवसांत’ मिळालेला दाखला आधी असाच तपासावा. बनावट दाखला वापरणाऱ्यावर गुन्हा नोंदतो, आणि तेव्हा एजंट सापडत नाही.

जुने, पोर्टलच्या आधीचे दाखले असे तपासता येत नाहीत. त्यांच्यावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि पदनाम वाचता येते का, ते पाहावे. शिक्का पुसट झाला असेल तर झेरॉक्सवर काहीच येत नाही. म्हणून मूळ कागदाचा रंगीत स्कॅन करून ठेवावा.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, तलासरी तालुक्यातली एक बौद्ध विद्यार्थिनी २०२४ मध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. तिला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, आणि पुढे रेल्वेच्या परीक्षेलाही बसायचे आहे. तिच्याकडे जुलै २०१४ मध्ये शाळेतल्या शिबिरात काढलेला जातीचा दाखला आहे, आणि जून २०२४ चा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आहे.

सही पाहिली. जातीच्या दाखल्यावर उपविभागीय अधिकारी, डहाणू, जिल्हा ठाणे. तारीख पालघर जिल्हा होण्याआधीची आहे, म्हणून ठाणे बरोबर. उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलदार, तलासरी. तेही बरोबर.

नमुना पाहिला. जातीचा दाखला ‘अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मांतरित’ असा आहे. महाडीबीटीसाठी चालेल, रेल्वेसाठी चालणार नाही. केंद्राच्या नमुन्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

नाव वाचले. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव Jadhav आहे, जातीच्या दाखल्यावर Jadhao. वडिलांचे नाव गुणपत्रकावर आणि आधारवर रमेश, दाखल्यावर रमेशभाई. म्हणजे दोन चुका, दोन्ही दाखल्यात. गुणपत्रकाला हात लावायचा नाही.

मुदत पाहिली. उत्पन्नाच्या दाखल्यावर ३१ मार्च २०२७ पर्यंत असे आहे. म्हणजे पदवीची तिन्ही वर्षे हाच दाखला पुरेल, कारण तिसऱ्या वर्षाचा फॉर्म २०२६-२७ मध्येच भरला जाईल. फक्त तो फॉर्म त्या वर्षी ३१ मार्चपर्यंत न रखडता भरायला हवा. तिन्ही वर्षांचे उत्पन्न अनुक्रमे ६०, ६६ आणि ७२ हजार आहे. फॉर्मने शेवटच्या वर्षाचे विचारले आहे, म्हणून ७२ हजार.

आता केंद्राच्या नमुन्यासाठी पुरावे. तिच्या शाळेच्या दाखल्यात जातीपुढे ‘बौद्ध’, वडिलांच्या दाखल्यात ‘नवबौद्ध’. दोन्हीत मूळ जात नाही. अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे, म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते आणि त्या जातीचे होते हे दाखवायचे. त्या तारखेला धम्मदीक्षेला अजून सहा वर्षे होती, त्यामुळे त्या काळच्या नोंदीत मूळ जात लिहिलेली असते. इथे आजोबांचा १९४८ चा शाळेचा दाखला सापडला. त्यात जात महार, तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे. आजोबा ते वडील आणि वडील ते मुलगी ही साखळी वंशावळीने आणि शाळेच्या दाखल्यांनी जोडली की अर्ज पूर्ण होतो.

यातून कामाचा क्रमही ठरतो. आधी गुणपत्रक आणि वडिलांचे आधार जोडून जातीच्या राज्याच्या दाखल्यातले नाव दुरुस्त करून घ्यायचे. मग त्याच दुरुस्त नावावर केंद्राच्या नमुन्याचा अर्ज. उलट क्रमाने केले तर दोन दाखल्यांवर दोन नावे येतील आणि रेल्वेच्या टेबलावर त्याचा खुलासा देत बसावे लागेल. महाडीबीटीची मुदत जवळ असेल तर दुरुस्तीच्या अर्जाची पावती घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला भेटावे आणि दुरुस्त दाखला येईपर्यंत फॉर्म कसा ठेवायचा ते विचारावे. चुकीचे नाव तसेच दडपून पुढे पाठवू नये.

चूक सापडल्यावर

पहिला प्रश्न : चूक कुठे जन्मली? सेवा केंद्रात टायपिंग करताना झाली असेल तर मूळ पुराव्यात नाव बरोबर असते, आणि ते जोडून दुरुस्तीचा अर्ज केला की काम होते. पण शाळेच्या रजिस्टरमध्येच नाव चुकीचे असेल तर दाखला शाळेशी जुळतो आणि अधिकारी तो बदलणार नाहीत. तेव्हा सुरुवात शाळेपासून करावी लागते, मुख्याध्यापकांकडे अर्ज करून आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घेऊन. मूल शाळेत असतानाच हे सोपे जाते. म्हणून शिबिरे दहावीच्या निकालानंतर नव्हे, आठवी-नववीत घ्यावीत.

दुसरी गोष्ट : केंद्रात अर्ज भरून झाला की सबमिट करण्याआधी स्क्रीनवरचे नाव स्वतः वाचावे आणि पावतीवर पुन्हा वाचावे. दाखल्यावर तेच छापून येणार असते. दुरुस्तीचे काम पंधरा दिवसांचे, हे वाचन दोन मिनिटांचे.

तिसरी : दाखल्यावर पेनाने किंवा मोबाइलच्या ॲपने काहीही दुरुस्त करू नये, एक काना-मात्रासुद्धा नाही. नाव शंभर टक्के आपले असले तरी खाडाखोड केलेला दाखला तपासणीत बनावटच समजतात.

कार्यकर्त्यांनी शिबिरात प्रत्येक कुटुंबासाठी एका कागदावर पाच ओळी लिहून द्याव्यात : दाखला कोणाच्या सहीचा, कोणत्या नमुन्याचा, नाव गुणपत्रकाशी जुळते का, मुदत कधीपर्यंत, पोर्टलवर तपासला का. तो कागद दाखल्याच्या पिशवीतच ठेवावा. पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाचा फॉर्म भरताना तोच पहिल्यांदा उघडला जातो.